सॅकमधली दहा हजारी

संध्याकाळी सहाच्या सुमाराला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या फलाटावर उभं राहिलं की दर चौथ्या माणसाच्या खिशातून किंवा पर्समधून एक वायर सॅकमध्ये गेलेली दिसते. वायरीच्या दुसऱ्या टोकाला पॉवर बँक असते, बहुतेकांची १०००० ची. पूर्वी मोबाईलची बॅटरी संपली की गाणी बंद पडायची, एवढंच. आता पास मोबाईलमध्ये आहे, आणि मोबाईलवरचं तिकीट तपासनिसाला दाखवता आलं नाही तर प्रवासी विनातिकीट धरला जातो. ‘बॅटरी संपली साहेब’ हे कारण चालत नाही. बदलापूरच्या स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला पैसे द्यायचे तर तेही त्याच मोबाईलवरून. तेव्हा पॉवर बँक बाळगणं हे आता चैनीत मोडत नाही. प्रश्न इतकाच, की ती कुठे आणि कधी जोडायची, आणि गर्दीच्या रेट्यात तिला सांभाळायचं कसं.

आधी त्या १०००० च्या आकड्याचा हिशेब करू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. खोक्यावर १०००० मिलीअँपियर-तास असं छापलेलं असतं आणि मोबाईलची बॅटरी ५००० ची असते. साहजिकच वाटतं, मोबाईल दोनदा पूर्ण भरेल. प्रत्यक्षात तो सव्वा वेळा भरतो आणि गिऱ्हाईक दुकानदाराला शिव्या घालतं. बहुतेक वेळा दुकानदाराची काही चूक नसते. ते १०००० आतल्या सेलचे असतात, आणि सेलचा दाब ३.७ व्होल्टच्या आसपास असतो. वायरीतून मात्र ५ व्होल्ट बाहेर पाठवावे लागतात. कमी दाबाची वीज जास्त दाबाची करताना मिलीअँपियरचा आकडा घटतो, आणि हा बदल करणाऱ्या सर्किटमध्ये काही वीज उष्णता होऊन जाते ती वेगळीच. म्हणून दाबाचा घोळ टाळून वॉट-तासांत मोजावं. १०००० ला ३.७ ने गुणून हजाराने भागलं की ३७ वॉट-तास येतात, हा आत साठवलेला माल. बाहेर किती मिळेल ते पॉवर बँकेच्या पाठीवर अगदी बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून लिहिलेलं असतं. दहा हजारीवर तिथे बहुधा ५८०० ते ६५०० यांच्या दरम्यानचा आकडा सापडतो आणि शेजारी ५ व्होल्ट लिहिलेलं असतं. ६००० धरले तर ३० वॉट-तास झाले.

मोबाईलही हे सगळे ३० जसेच्या तसे पोटात घेत नाही. त्याचं स्वतःचं चार्जिंगचं सर्किट पंधराएक टक्के खातं. म्हणजे हाती उरतात पंचवीस-साडेपंचवीस वॉट-तास. ५००० ची मोबाईल बॅटरी सुमारे १९ वॉट-तासांची असते, म्हणून सव्वा वेळा. याच हिशेबाने तळहातात मावणारी ५००० ची छोटी पॉवर बँक तोच मोबाईल एकदाही पूर्ण भरू शकत नाही, दोन तृतीयांशापर्यंत आणून सोडते. हे ऐकून अनेक जण छोटीवर काट मारतात आणि २०००० ची विटेएवढी वस्तू घेऊन येतात. रोजच्या लोकल प्रवासासाठी मला ही निवड चुकीची वाटते. ती का, हे एका संध्याकाळचा हिशेब मांडला की कळतं.

समजा, एक बाई फोर्टमधल्या ऑफिसातून बदलापूरला जातात. अंतर ६८ किलोमीटर, फास्ट गाडीने सव्वा-दीड तास. सकाळी मोबाईल घरूनच शंभर टक्के भरून निघालेला असतो. दिवसभरात ऑफिसात चार्जिंगला लावायला जमलं नाही आणि सहा वाजता तो ३५ टक्क्यांवर आहे. गाडीत गाणी, घरच्यांचे फोन, मग रिक्षा. या सगळ्याला फार तर २५ टक्के लागतील. पण लोकलमध्ये मोबाईल घरातल्यापेक्षा जास्त खातो. गाडी धावत असते, मोबाईल एका टॉवरकडून दुसऱ्याकडे सतत सोपवला जात असतो, डब्यात आणि फलाटावर हजारो मोबाईल एकाच वेळी त्याच टॉवरला लटकलेले असतात. सिग्नल कमजोर झाला की मोबाईल अधिक जोर लावून बोलतो. म्हणून ३५ टक्के पुरतीलही, पण काठावर. बाईंना हवेत फक्त आणखी वीस टक्के.

हे वीस टक्के किती वेळात मिळतात? साध्या १० वॉटच्या, म्हणजे ५ व्होल्ट आणि २ अँपियरच्या चार्जिंगने अर्ध्या तासात वायरीतून ५ वॉट-तास जातात, मोबाईलमध्ये सव्वाचार पोहोचतात. १९ पैकी सव्वाचार म्हणजे बावीस टक्के. आता ऑफिसच्या दारापासून फलाटापर्यंतचं चालणं आणि गाडी लागण्याची वाट पाहणं यांत किती वेळ जातो? जवळजवळ तेवढाच. म्हणजे ऑफिसातून निघताना वायर जोडली आणि गाडीत चढायच्या आधी काढून ठेवली, तरी काम झालेलं असतं. भायखळा गेलं, दादर आलं, माणसं आत कोंबली जाऊ लागली, तोवर वायर सॅकमध्ये गुंडाळून ठेवलेली असेल. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीत आहे: लोकलच्या प्रवाशाला पॉवर बँक लागते ती गर्दीच्या अलीकडच्या अर्ध्या तासासाठी. त्या अर्ध्या तासाला ५००० ची छोटी बँक दोन-तीन दिवस पुरून उरते. २०००० ची वीट तिच्या चौपट वजन रोज खांद्यावर देते, आणि त्यातलं बरंचसं न वापरताच घरी परत येतं.

खिडकीची सीट मिळाली तर गोष्ट वेगळी. सॅक मांडीवर, पॉवर बँक डोळ्यांसमोर, वायर कोणाच्या आड येत नाही. मग खुशाल ठाण्यापर्यंत चार्ज करत जा. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून बसलेल्याने मात्र स्वतःला उभ्या प्रवाशांतच धरावं.

उभ्याच्या गर्दीत जोडलेल्या वायरीचं काय होतं ते पाहण्यासारखं आहे. ऐन वेळच्या गर्दीत एका चौरस मीटरमध्ये चौदा-सोळा माणसं उभी असतात असं रेल्वेच्याच हिशेबात धरलं जातं. अशा जागी मीटरभर लांबीची वायर म्हणजे दुसऱ्याच्या सॅकच्या बक्कलमध्ये, छत्रीच्या दांड्यात किंवा कोणाच्या ओढणीत अडकण्यासाठीच टांगलेली. घाटकोपरला उतरणारा माणूस आपल्या वेगाने उतरतो आणि वायर त्याच्याबरोबर निघते. नशीब चांगलं असेल तर पिन सुटून येते. नसेल तर ती तिरकी ओढली जाते, आणि तो ताण मोबाईलच्या चार्जिंगच्या खाचेवर येतो. सी टाइपच्या खाचेत मधोमध एक पातळ जीभ असते. पिन वरखाली हिसकली की ती जीभ हलते, किंवा खाच आतल्या पट्टीवर ज्या डागांनी बसवलेली असते ते डाग सुटू लागतात. मग चार्जिंग ‘पिन जरा दाबून धरली तर होतं’ या अवस्थेला येतं. सगळा दोष गर्दीचाच असतो असं नाही. खिशातला कापसाचा भुगा खाचेत दाबून बसला तरी पिन पूर्ण आत जात नाही आणि सैल वाटते. मोबाईल बंद करून लाकडी दातकोरणीने तो भुगा हलकेच काढला की पुष्कळदा दुरुस्तीवाल्याकडची फेरी वाचते. टाचणी किंवा केसांची पिन त्यासाठी वापरू नये, ती आतले संपर्क ओरबाडते.

वायर वीस-तीस सेंटिमीटरचीच घ्यावी आणि मोबाईलकडची पिन काटकोनात वळलेली असली तर फारच उत्तम. सरळ पिन मोबाईलच्या खाली दोन-तीन सेंटिमीटर बाहेर येते आणि समोरच्याच्या पाठीवर दाबली जाते. काटकोनी पिन मोबाईलच्या कडेला चिकटून राहते. शिवाय एवढ्या आखूड वायरीमुळे मोबाईल आणि पॉवर बँक आपोआप एकाच कप्प्यात राहतात, हातात मोबाईल आणि सॅकमध्ये बँक असा लांबचा संसार मांडता येत नाही. दाराशी उभं राहून वायर लावलेला मोबाईल हातात धरणाऱ्यांबद्दल वेगळं सांगायला नको. रुळांच्या कडेला उभं राहून हातावर फटका मारणाऱ्या टोळ्या मुंबईकराला चांगल्या ठाऊक आहेत, आणि मोबाईलबरोबर वायरीचा हिसका बसला तर तोल जायला वेळ लागत नाही.

पाठीला चिकटणाऱ्या चुंबकी पॉवर बँकांची सध्या चलती आहे. वायरीचा प्रश्न त्या सोडवतात खऱ्या, पण गर्दीत त्या घसरतात. थोडी जरी सरकली तरी वीज कमी पोहोचते आणि उरलेली उष्णतेत जाते. वायरीच्या मानाने त्यांच्यात वीज वाया जाण्याचं प्रमाण मुळातच जास्त. बसून प्रवास करणाऱ्याने हवी तर घ्यावी.

उष्णतेचा मुद्दा थोडा थांबून पाहायला हवा. १० वॉटने चार्जिंग चालू असताना पॉवर बँक आणि मोबाईल मिळून साधारण तीनेक वॉट उष्णता बाहेर टाकतात. मोकळ्या हवेत ती जाणवतही नाही. तीच जोडी बंद सॅकमध्ये, एकमेकांवर पालथी, वर टॉवेल आणि बाजूला गरम जेवणाचा डबा अशी ठेवली तर उष्णतेला जायला जागा राहत नाही. त्यात फास्ट चार्जिंग असेल तर उष्णता दुप्पट किंवा त्याहून अधिक होते. मे महिन्यातल्या विनावातानुकूलित डब्यात आजूबाजूची हवाच पस्तिशीच्या पुढे असते, आणि लिथियम सेल चार्ज करण्याची नेहमीची मर्यादा ४५ अंशांच्या आसपास असते. मोबाईल शहाणा असतो, तापला की तो आपण होऊन चार्जिंग मंदावतो. म्हणजे ‘फास्ट’ साठी मोजलेले पैसे सॅकमध्ये वाया जातात आणि सेलचं आयुष्य मात्र झिजतं. अनेक मोबाईलमध्ये बॅटरीच्या सेटिंगमध्ये फास्ट चार्जिंग बंद करायची सोय असते. सॅकमध्ये चार्ज करताना ते बंद ठेवावं. काही कंपन्यांचं वेगवान चार्जिंग फक्त त्यांच्याच चार्जरवर आणि वायरीवर चालतं. दुसऱ्याच्या पॉवर बँकेवर असा मोबाईल मुकाट्याने १० वॉटवर येतो. लोक त्याबद्दल कुरकुरतात. बंद सॅकपुरतं तरी हे त्यांच्या फायद्याचंच आहे. आणि दोघांना एकमेकांवर न ठेवता शेजारी उभं ठेवावं, मध्ये एखादा कापडी पडदा असलेल्या कप्प्यात.

आता सॅक. लोकलमध्ये सॅक पुढे घेऊन उभं राहायची रीत चांगलीच आहे, चोरी टळते आणि मागच्याला धक्का लागत नाही. पण पुढची सॅक आपली छाती आणि समोरच्याची पाठ यांच्यामध्ये चेपली जाते, आणि सगळा दाब तिच्यातल्या सगळ्यात कडक वस्तूमधून पुढे जातो. बहुतेकांच्या सॅकमध्ये ती वस्तू स्टीलचा डबा असतो. पॉवर बँक डब्याच्या कडेला टेकून असेल तर दादरचा रेटा डब्याच्या त्या एका कडेतून तिच्यावर येतो. बारीक, चपट्या पॉवर बँकांमध्ये आत लिथियम पॉलिमरचा सेल असतो, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातळ पन्नीत बंद केलेली पिशवी. जाड बँकांमध्ये पेन्सिल सेलपेक्षा थोडे मोठे, पोलादी कवचाचे गोल सेल असतात. दाब सहन करण्यात गोल सेल उजवे, चपटे सेल हलके. चपटी बँक वापरत असाल तर तिला पाठीकडच्या, लॅपटॉपच्या कप्प्याजवळच्या छोट्या झिपच्या खणात जागा द्यावी आणि डबा बाहेरच्या बाजूला ठेवावा. सॅकच्या अगदी बाहेरच्या खणात बँक ठेवली तर चोराला सोपी आणि दाबाला पहिली. पँटच्या मागच्या खिशात ठेवून बसणं तर तिला वाकवण्याचाच प्रकार झाला.

पर्सवाल्यांची अडचण थोडी निराळी. पर्समध्ये किल्ल्या, सुटी नाणी, सेफ्टी पिना आणि केसांच्या पिना एकत्र नांदत असतात. जुन्या रुंद यूएसबी खाचेत विजेचे संपर्क उघडेच असतात, आणि बँक चालू असेल तर एखादी पिन त्यांना जोडून शॉर्ट करू शकते. चांगल्या बँकेतलं संरक्षण सर्किट अशा वेळी पुरवठा तोडतं. स्वस्त बँकेत ते असेलच असं नाही. सी टाइपच्या खाचेत नियमाने वागणारी बँक पलीकडे मोबाईल जोडला आहे हे ओळखल्याशिवाय वीज सोडतच नाही, तिथे ही भीती कमी. उपाय अगदी साधा आहे: चष्म्याची जुनी डबी किंवा कापडी बटवा बँकेसाठी वेगळा ठेवायचा. पावसाळ्यात त्या बटव्याच्या आत झिप असलेली प्लास्टिकची पिशवी, कारण ओली छत्री सॅकमध्ये गेली की तिचं पाणी तळाशी जमतं, आणि आमटीच्या डब्याचं झाकणही कधी ना कधी सैल होतंच. खाचेत पाणी किंवा मिठाचा अंश गेला की संपर्कांवर हिरवट थर चढतो. बँक भिजली असेल तर ती लगेच जोडून पाहायचा मोह आवरावा आणि दोन दिवस पंख्याखाली वाळू द्यावी. आमटी आत शिरली असेल तर ती सरळ बाद.

डब्यातल्या रॅकवर सॅक टाकायची तर चार्जिंग बंद करून टाकावी. तिथे ती दिसत नाही, तिच्यावर इतरांच्या बॅगा पडतात, आणि खाली धूर आला तर कोणती सॅक हे कोणालाच कळत नाही. स्टेशनबाहेर लावलेल्या स्कूटरच्या डिकीत बँक दिवसभर ठेवणं हाही एक सर्रास चालणारा प्रकार. उन्हातली बंद डिकी डब्यापेक्षा कितीतरी जास्त तापते.

दाब आणि उष्णता यांना मी इतकं का घाबरतो, ते सेलच्या आत डोकावलं की कळेल. सेलमध्ये दोन विरुद्ध थरांच्या मध्ये प्लास्टिकचा एक पडदा असतो. त्याची जाडी साधारण पंधरा-वीस मायक्रॉन, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदाच्या चौथ्या हिश्श्याइतकी. या पडद्याला छिद्र पडलं, किंवा १३० अंशांच्या पुढे तो वितळून आक्रसला, की दोन्ही थर एकमेकांना भिडतात. त्या जागी उष्णता निर्माण होते, उष्णतेने आतला ज्वालाग्राही द्राव विघटित होतो, त्यातून वायू आणि आणखी उष्णता निघते. एकदा ही साखळी सुरू झाली की वायर काढून ती थांबत नाही. चेपलेल्या सेलमध्ये हे लगेच घडतंच असं नाही. आज बसलेला पोचा पुढच्या आठवड्यातल्या चार्जिंगमध्ये त्रास देऊ शकतो.

बहुतेक वेळा आधी सूचना मिळते, आणि ती ओळखता येते. बँक सपाट टेबलावर ठेवून एका कोपऱ्यावर बोट दाबा. ती डुगडुगली किंवा भोवऱ्यासारखी फिरली तर पोट फुगलेलं आहे, म्हणजे आत वायू जमलाय. कवचाच्या शिवणीत फट दिसू लागली तर तेच. काही न जोडता नुसती पडून असताना ती कोमट लागत असेल, नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा गोडसर वास येत असेल, किंवा चारपैकी तीन दिवे दाखवता दाखवता एकदम एकावर येत असेल, तर तिची सेवा संपली. शेवटचं लक्षण नुसतं म्हातारपणाचंही असू शकतं. पहिली तीन मात्र त्याच दिवशी तिला सॅकमधून बाहेर काढायला सांगतात.

कधी कधी दोष कारखान्यातूनच येतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. जून २०२५ मध्ये अँकर या नावाजलेल्या कंपनीने आपल्या १०००० च्या एका जुन्या मॉडेलचे ११ लाखांहून अधिक नग अमेरिकेत परत मागवले, आग लागण्याच्या भीतीने. पुढच्याच महिन्यात, २० जुलैला, टोकियोच्या यामानोते लाइनच्या लोकलमध्ये एका प्रवासी बाईंची मोबाईलला जोडलेली पॉवर बँक पेटली, काही जण जखमी झाले आणि त्या मार्गाची वाहतूक थांबली. ती बँकही आधीच परत मागवलेल्या मॉडेलपैकी होती, तरी वापरात राहिलेली. आपल्या बँकेच्या पाठीवरचा मॉडेल क्रमांक आणि त्यापुढे परत मागवण्याबद्दलचा शब्द टाकून वर्षातून एकदा शोध घ्यायला दोन मिनिटं लागतात.

विकत घेताना दोन गोष्टी पुरेत. भारतात पॉवर बँकेला भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागते. मानकचिन्हाजवळ आर अक्षर आणि त्यापुढे आठ आकडे असलेला क्रमांक छापलेला असतो. तो ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आणि कोणत्या वस्तूसाठी आहे ते दिसतं. स्टेशनबाहेरच्या पथारीवरच्या मालावर कधी क्रमांकच नसतो, कधी तो भलत्याच वस्तूचा निघतो. दुसरी गोष्ट वजन. दहा हजारीतले नुसते सेलच दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमच्या पुढे जातात. शंभर ग्रॅमची ‘२००००’ हातात आली तर आत काय आहे याचा विचार करावा. उलट जड आहे म्हणून खरी, असंही धरू नये, वजन वाढवायला आत वाळू भरलेले नग पकडले गेले आहेत.

आणि इतकं करूनही डब्यात धूर आला तर? इथे आगीपेक्षा मोठा धोका माणसांच्या पळापळीचा आहे. २२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली, साखळी ओढली गेली, माणसं शेजारच्या रुळावर उतरली आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली डझनभर प्रवासी गेले. आग नव्हतीच. उपनगरी मार्गावर तर शेजारच्या रुळावर दर दोन-तीन मिनिटांनी गाडी असते. पुढचं स्टेशनही तेवढ्याच अंतरावर असतं. म्हणून धूर निघणारी बँक असेल त्याने ‘पॉवर बँक आहे, मागे सरका, उतरू नका’ असं मोठ्याने सांगावं, आणि सॅक खाली जमिनीवर, शक्यतो कोपऱ्यात ठेवून भोवती जागा करवून घ्यावी. पुन्हा सॅकमध्ये हात घालून बँक शोधू नये, तिच्यातून निघणारा वायू भाजतो आणि छातीत जातो. पाण्याची बाटली जवळ असेल तर सगळी ओतावी. लिथियम म्हटलं की पाणी नको असं अनेकांना वाटतं, पण एवढ्या छोट्या लिथियम-आयन बॅटरीवर पाणी हाच योग्य उपाय आहे, कारण सेल थंड करणं हे खरं काम. कोरड्या भुकटीचा अग्निशामक ज्वाला विझवतो, सेल थंड करत नाही, म्हणून बँक पुन्हा पेटू शकते. ज्वाला गेल्या तरी तिच्याकडे पाठ फिरवू नये आणि पुढच्या फलाटावर ती मोकळ्या जागी नेऊ द्यावी. पेटती बँक दारातून बाहेर फेकणं हे शौर्य वाटतं, पण रुळांच्या कडेला कामगार असतात, वस्ती असते. १३९ वर कळवून गाडीचा डबा आणि पुढचं स्टेशन सांगितलं की रेल्वेला बाकीचं करता येतं.

फुगलेली बँक घरी सापडली, तर ती रिकामी करण्यासाठी मोबाईलला लावू नये, टोचून हवा काढू नये आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात मुळीच टाकू नये. कचऱ्याच्या गाडीत माल चेपला जातो आणि चेपलेला सेल गाडी पेटवतो. खाचेवर चिकटपट्टी लावून तिला पत्र्याच्या किंवा मातीच्या भांड्यात, कोरड्या वाळूवर, बाल्कनीत सावलीला ठेवावं आणि ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात द्यावं. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, म्हणून मोबाईल कंपन्यांच्या सेवा केंद्रातही विचारावं. तिथे नेताना मात्र ती सकाळच्या फास्टमधून नेऊ नये. दुपारची मोकळी गाडी किंवा रिक्षा बरी.